लाल विंचवाचा दंश : प्राझोसिनसोबत अँटीव्हेनम द्यावं का? (एक कॅट, चर्चेसाठी)

घाटाखालचा_एमओ

आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांच्या जर्नल क्लबसाठी हा कॅट, म्हणजे क्रिटिकली अप्रेझ्ड टॉपिक, लिहिला. एकच प्रश्न, त्याचा पुरावा शोधायचा, तपासायचा आणि उद्या सकाळी ओपीडीत काय करायचं ते ठरवायचं, एवढाच त्याचा जीव. क्लबमध्ये वाचण्याआधी इथे टाकतोय. चुका दिसल्या तर बेधडक सांगा.

रुग्ण असा. नऊ वर्षांचा मुलगा, वजन २४ किलो. संध्याकाळी लाकडं उचलताना हाताला लाल विंचू चावला. दोन तासांनी आला तेव्हा कपडे घामाने भिजलेले, लाळ गळतेय, दोनदा उलटी झालेली, हातपाय थंडगार, लिंग ताठ. नाडी १३०, बीपी १४०/९६. छाती स्वच्छ, ऑक्सिजन व्यवस्थित. म्हणजे ग्रेड २. नुसतं दुखणं असतं तर ग्रेड १. फुफ्फुसात पाणी उतरलं असतं तर ग्रेड ३. बीपी कोसळून हातपाय उलट गरम पडले असते तर ग्रेड ४.

विषामुळे नसांमधले सोडियमचे दरवाजे लवकर बंद होत नाहीत, अ‍ॅड्रेनलिनच्या घरातल्या द्रव्यांचा पूर येतो आणि त्या पुराचा मार हृदयावर बसतो. प्राझोसिन हा मार रक्तवाहिन्यांच्या अल्फा रिसेप्टरवर अडवतं, पण विषाला हात लावत नाही. अँटीव्हेनम रक्तात फिरणारं विष पकडतं, पण आधीच सुटलेला पूर त्याला परत नेता येत नाही.

प्रश्न : लाल विंचवाच्या ग्रेड २ दंशात प्राझोसिनच्या जोडीला अँटीव्हेनम दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरा होतो का, आणि फुफ्फुसात पाणी होणं किंवा मृत्यू टळतो का?

शोध पबमेडवर केला. पहिल्या प्रयत्नात `antivenom` एवढाच शब्द टाकला तर रत्नागिरी जिल्ह्यातला एक महत्त्वाचा अभ्यास निसटू शकतो, कारण त्याच्या शीर्षकात 'अँटी-स्कॉर्पियन व्हेनम सिरम' असं लिहिलंय. विंचवाचं शास्त्रीय नावही बदललंय. जुन्या लेखांत मेसोब्यूथस, नव्यांत हॉटेनटोटा. म्हणून शेवटी हे वापरलं :

```
("Scorpion Stings"[Mesh] OR "scorpion sting*"[tiab]
 OR "Mesobuthus tamulus"[tiab] OR "Hottentotta tamulus"[tiab])
AND ("Antivenins"[Mesh] OR antiven*[tiab]
 OR "venom serum"[tiab])
AND (prazosin[tiab] OR "Prazosin"[Mesh])
```

त्यावर रँडमाइज्ड ट्रायलचा फिल्टर लावला, मग तो काढून पुन्हा एकदा नजर फिरवली. कॉक्रेनच्या ट्रायल नोंदीतही पाहिलं.

आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देणारा अभ्यास महाडचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर, बीएमजे, २०११. ग्रेड २ चे ७० रुग्ण, सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे सगळ्या वयांचे. ३५ जणांना प्राझोसिन आणि अँटीव्हेनम, ३५ जणांना फक्त प्राझोसिन, वाटणी रँडम. दहा तासांत सगळी लक्षणं गेली असे पहिल्या गटात ३२ (९१ टक्के) आणि दुसऱ्यात ८ (२३ टक्के). पूर्ण बरं व्हायला सरासरी ८ तास विरुद्ध १७.७ तास. घाम थांबायला ३ विरुद्ध ६.६ तास. प्राझोसिनचे डोस सरासरी २ विरुद्ध ४ लागले.

पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये ५० मुलांवर असाच ट्रायल झाला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कौल त्याच दिशेचा. रत्नागिरीकडचा २०१० चा अभ्यास ८१ रुग्णांचा, तीन गट : नुसतं अँटीव्हेनम, नुसतं प्राझोसिन, दोन्ही. तिथेही अँटीव्हेनमवाले खूप लवकर सावरले.

माझा निष्कर्ष : ग्रेड २ मध्ये प्राझोसिन ताबडतोब, अँटीव्हेनम हाताशी असेल तर तेही लगेच. बरं होण्याचा वेळ नक्की कमी होतो. जीव वाचतो का, याचं उत्तर या अभ्यासांत नाही. ग्रेड १ ला अँटीव्हेनम नको.

---

वाशिष्ठीकाठ

एमओ साहेब, ९१ टक्के जीव वाचले आणि दुसरीकडे २३ टक्केच, हे वाचून अंगावर काटा आला. मग नुसतं प्राझोसिन देणं गुन्हाच म्हणायचा की!

---

घाटाखालचा_एमओ

नाही हो, थांबा. ९१ आणि २३ हे दहा तासांच्या आत पूर्ण मोकळे झालेल्यांचे आकडे आहेत. दुसऱ्या गटातले उरलेले २७ जण दहा तासांनंतर बरे होत होते. त्यांना जास्त वेळ आणि जास्त गोळ्या लागल्या, इतकंच. दहा तासांची रेघ अभ्यासकांनी आखलेली. ती चोवीस तासांवर आखली असती तर दोन्ही गट बरेच जवळ दिसले असते.

---

आकडेमोडे

मी डॉक्टर नाही. बायोस्टॅटिस्टिक्स शिकवतो. दोन गोष्टी सांगतो.

एक, फरक मोठा आहे आणि योगायोगाने झालेला दिसत नाही. पहिल्या गटाची ९५ टक्के मर्यादा ७७ ते ९८, दुसऱ्याची १२ ते ३९. मधे भलं मोठं अंतर. शंभर रुग्णांमागे ६८ जास्त लोक दहा तासांत मोकळे. म्हणजे ढोबळमानाने तीन जणांना अँटीव्हेनम दिलं तर दोघांना तो फायदा मिळतो. वैद्यकात इतका मोठा परिणाम क्वचित दिसतो, आणि नेमका म्हणूनच मी संशयाने बघतो.

दोन, हा ओपन लेबल ट्रायल आहे. कोणाला काय दिलं हे डॉक्टरला माहीत. घाम थांबला की नाही, हात गरम झाले की नाही, हे तोच डॉक्टर हाताने तपासून ठरवणार. त्यात प्राझोसिनचा पुढचा डोस द्यायचा की नाही हेही त्याच तपासणीवर. म्हणजे '२ विरुद्ध ४ डोस' हा वेगळा, स्वतंत्र पुरावा नव्हे. त्याच निर्णयाची ती दुसरी बाजू आहे. दुसऱ्या गटाला नुसतं सलाईन लावून हा प्रश्न मिटवता आला असता.

---

बालरोग_पुणे

आकडेमोडे, मुद्दा बरोबर, पण वजन किती द्यायचं ते बघा. घाम, थंड हात यात नजरेचा भाग असतो, मान्य. पण मुलग्यांमधलं ताठलेलं लिंग हे चिन्ह बघणाऱ्याच्या मनावर अवलंबून नसतं. तेही ४.७ तासांत गेलं विरुद्ध ९.४ तासांत. तिथेही दुप्पट. पक्षपाताने दहा-पंधरा टक्के सरकतील, ६८ नाही सरकणार.

आणि पक्षपात असलाच तर कोणत्या बाजूने? बावस्करांनी १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्राझोसिन मांडलं. लाल विंचवाच्या दंशात प्राझोसिन ही त्यांचीच ओळख. स्वतःच्या औषधाशेजारी दुसरं ठेवून ते दुसरं सरस ठरतंय असं छापणं, याला माझ्या लेखी किंमत आहे.

एमओ, तुमच्या कॅटमध्ये एक मोठी जागा रिकामी आहे. नुसतं प्राझोसिन किती चांगलं, याचा पुरावा काय? प्राझोसिनच्या आधी गंभीर दंशात २५ ते ३० टक्के मृत्यू होत, नंतर ते सुमारे एक टक्क्यावर आले, असं सांगितलं जातं. पण ती तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची आहे. त्याच काळात रस्ते झाले, रुग्ण लवकर यायला लागले, डॉक्टर दंश ओळखायला शिकले. प्राझोसिन विरुद्ध काहीच नाही असा ट्रायल आता कोणी करणार नाही, आणि करूही नये. पण पाया तसा आहे, हे लिहा.

---

घाटाखालचा_एमओ

लिहितो. हे महत्त्वाचं आहे. माझ्या मसुद्यात प्राझोसिन जणू आकाशातून पडल्यासारखं आलंय.

---

मेडिकलवाला_सातारा

माझ्या माहितीप्रमाणे विंचवाचं अँटीव्हेनम उपयोगाचं नाही हे कधीच सिद्ध झालंय. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर अभ्यास झाला, लॅन्सेट १९९९, प्लासिबोपेक्षा काडीचा फरक नाही. ८२५ समोर ७० म्हणजे काहीच नाही. एवढं महाग औषध ठेवायचं कशाला? उगाच रिअ‍ॅक्शनची भीती.

---

बालरोग_पुणे

अभ्यास खरा आहे आणि आकडाही बरोबर. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. विंचू चावून आलेल्या जवळजवळ सगळ्यांना, दंश सौम्य असो की तीव्र, अँटीव्हेनम द्यावं का? बहुतेकांना फक्त दुखत होतं. जे लोक तसेही बरे होणार होते त्यांच्यात फायदा दिसणार कुठून? विंचूही वेगळा, अँटीव्हेनमही वेगळं. उत्तर आफ्रिकेतल्या विंचवाचं सिरम आपल्या लाल विंचवाला लागू पडत नाही.

तो अभ्यास एमओंच्या शेवटच्या वाक्याला मात्र बळ देतो : ग्रेड १ ला नको. तिथे दुखणं कमी करा, दंशाच्या जागी लिग्नोकेनचं इंजेक्शन द्या, अ‍ॅड्रेनलिन न मिसळलेलं, आणि काही तास नजरेसमोर ठेवा. आज ग्रेड १ असलेला दोन तासांनी ग्रेड २ होऊ शकतो.

---

फिनिक्सकर

अ‍ॅरिझोनातून लिहितोय. इथे घरात विंचू निघतात. रात्री निळसर प्रकाशाची बॅटरी घेऊन भिंती बघायच्या, विंचू चमकतो. माझ्या धाकट्याला दीड वर्षाचा असताना चावला. डोळे गरागरा फिरायला लागले, हातपाय झटके देत होते, लाळ गळत होती. अँटीव्हेनम दिलं आणि काही तासांत पोरगं खेळायला लागलं. कोणी प्राझोसिनचं नावही काढलं नाही. मग आपल्याकडे दोन दोन औषधं का? तिथलं अँटीव्हेनम कमी ताकदीचं आहे का?

---

घाटाखालचा_एमओ

ताकदीचा प्रश्न नाही, विंचवाचा आहे. तुमच्याकडचा बार्क स्कॉर्पियन मुख्यतः नसा आणि स्नायू बिघडवतो. डोळे फिरणं, झटके, श्वास अडणं ही त्याची चिन्हं. आपल्याकडचा लाल विंचू हृदय आणि रक्तवाहिन्यांवर जातो. डोळे फिरत नाहीत, बीपी चढतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणून इथे अल्फा अडवणारं औषध लागतं, तिथे लागत नाही.

तुमच्या मुलाला जे अँटीव्हेनम मिळालं असेल त्याचा ट्रायल अवघ्या १५ मुलांचा होता, २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला आला. अँटीव्हेनम मिळालेली आठही मुलं चार तासांत मोकळी, प्लासिबोच्या सातांपैकी एकच. तो ट्रायल डबल ब्लाइंड होता. आकडेमोडे, तुम्हाला हवं तसं! म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधूनही विंचवाच्या अँटीव्हेनमचा मोठा परिणाम दिसू शकतो, एवढं तरी त्यातून म्हणता येईल.

---

आकडेमोडे

दिसू शकतो, मान्य. पण दुसऱ्या विंचवाचा दुसऱ्या औषधाने. तो उसना पुरावा तुमच्या कॅटच्या निष्कर्षात नको, चर्चेत ठेवा. महाडबद्दलची माझी शंका त्याने थोडी सैल होते, जात नाही.

---

आंबेवाला_तात्या

तुमची इंग्रजी नावं मला कळत नाहीत, पण विंचू कळतो. आमच्या बागेत दगडी गडगे, आणि गडग्यात विंचू. वडिलांना चावला होता. आजीने चिंचोका उगाळून दंशावर लावला, तो चिकटून बसला, विष ओढलं की आपोआप गळून पडला. गावातल्या एकाने मंत्रानेही उतरवला. सकाळी वडील कामाला. ही औषधं असलीच पाहिजेत असं नाही, हे माझं मत.

---

सिस्टर_उपकेंद्र

तात्या, रागवू नका. विंचू कसला होता, काळा की लाल?

---

आंबेवाला_तात्या

काळा. हाताच्या पंजाएवढा, पुढचे चिमटे हे जाडजूड.

---

सिस्टर_उपकेंद्र

मग तेच. तो मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, दुखतंही चिक्कार, पण जिवाला सहसा धोका नाही. चिंचोका नसता लावला तरी वडील सकाळी कामाला गेलेच असते. लाल विंचू लहान असतो, तांबूस, चिमटे बारीक. आमच्याकडे त्यानेच पोरं दगावायची. माझी भीती चिंचोक्याची नाही. तो लावून गळून पडायची वाट बघण्यात जो वेळ जातो, त्याची आहे. पोराला घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की चिंचोका लावलेल्या हातानेच गाडीत बसा.

एमओ सर, मला एक विचारायचं आहे. आमच्याकडे फ्रीजमध्ये सापाचं अँटीव्हेनम आहे. विंचवाचं नाही. अगदीच काही नसेल तर ते चालेल का? एका शिबिरात कोणीतरी 'थोडाफार उपयोग होतो' म्हणालं होतं.

---

घाटाखालचा_एमओ

अजिबात नाही. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं असतं. विंचवाच्या विषाला ते धरत नाही. फायदा शून्य, रिअ‍ॅक्शनचा धोका मात्र पूर्ण, आणि खऱ्या सर्पदंशाच्या कुपी वाया. लाल विंचवाचं वेगळं आहे, मुंबईच्या हाफकिनचं, घोड्यांपासून केलेलं. ते नसेल तर प्राझोसिन द्या आणि पाठवा.

आता डोस, कारण गडबड इथेच होते. ३० मायक्रोग्रॅम दर किलोला. आपल्या २४ किलोच्या मुलाला ७२० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा पाऊण भाग. दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. गोळी साधीच हवी. दुकानात प्राझोसिन मागितलं की बऱ्याचदा एक्सएल लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी हातात पडते. ती अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची असते. ती अख्खी दिली तर औषध उशिरा चढतं, तोडून दिली तर एकदम जास्त उतरून बीपी पडायची भीती. दोन्ही वाईट.

---

मेडिकलवाला_सातारा

हे मात्र शंभर टक्के. साधी एक मिलिग्रॅम खूप ठिकाणी ठेवतच नाहीत, कारण खपत नाही. बीपीवाले सगळे एक्सएल घेतात. मी पंधरवड्यात मागवून देऊ शकतो, पण चिठ्ठीवर 'साधी, एक्सएल नको' असं स्पष्ट लिहा. काउंटरवरच्या पोराला फरक कळेलच असं नाही.

---

बालरोग_पुणे

डोसनंतर मुलाला आडवंच ठेवा. आई लगेच कडेवर घेते, लघवीला उभं करते, आणि बीपी कोसळतं. सुरुवातीचे तीन तास उभं करायचं नाही हे आईला समजावून सांगा, नुसतं केसपेपरवर लिहून भागत नाही. उलटी आणि घामाने पाणी गेलेलं असतं, ते थोडं थोडं तोंडाने भरा. सलाईन धो धो सोडू नका, ते पाणी उद्या फुफ्फुसात दिसेल. आणि लाळ गळतेय म्हणून अ‍ॅट्रोपिन देऊ नका. त्याने आधीच धावणारं हृदय आणखी पळतं.

---

वाशिष्ठीकाठ

बीपीवरून आठवलं. त्या ट्रायलमध्ये बीपी पडल्याच्या केसेस अँटीव्हेनम गटात कमी होत्या ना? १२ विरुद्ध १९. म्हणजे अँटीव्हेनम जोडलं की प्राझोसिनचा त्रासही कमी होतो. हा फायदा तुम्ही कॅटमध्ये लिहिलाच नाही.

---

आकडेमोडे

आकडे बरोबर वाचलेत, पण निष्कर्ष घाईचा. ३५ पैकी १२ आणि ३५ पैकी १९, दोन्हींच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच शिरतात. फरक सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध होत नाही असं लेखकांनीच लिहिलंय. असेलही तसं, ७० रुग्णांतून सांगता येत नाही. शिवाय ज्याला निम्मे डोस मिळाले त्याचं बीपी कमी वेळा पडणारच. मग ते श्रेय अँटीव्हेनमच्या संरक्षणाचं की कमी गोळ्यांचं, हे वेगळं काढायला सोय नाही.

---

घाटाखालचा_एमओ

वाशिष्ठीकाठ, तरी मी ते दोन आकडे टाकतो, 'फरक सिद्ध नाही' या शब्दांसह. नुसत्या प्राझोसिनवर निम्म्याहून जास्त रुग्णांचं बीपी कधी ना कधी पडलं, ही गोष्ट उपकेंद्राला माहीत असलीच पाहिजे.

---

रात्रपाळी_आयसीयू

उशिरा आलो, पण माझ्या कामाचा प्रश्न कोणीच विचारला नाही. माझ्याकडे ग्रेड २ येतच नाहीत. येतात ते फेसाळ कफ काढणारे, दंश होऊन आठ-दहा तास झालेले, ग्रेड ३ आणि ४. त्यांना अँटीव्हेनम द्यायचं की नाही?

---

बालरोग_पुणे

महाडच्या ट्रायलमध्ये फक्त ग्रेड २ होते. म्हणून तुमच्या रुग्णांना ते आकडे लावता येत नाहीत. तत्त्वाने बघितलं तर रक्तात अजून विष फिरत असेल तर उपयोग होईल. पण तुमच्याकडे येईपर्यंत हृदयाच्या स्नायूचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तेव्हा ऑक्सिजन, गरज पडल्यास व्हेंटिलेटर आणि डोब्युटामिन यांवरच भिस्त. मी स्वतः सहा तासांच्या आत आलेल्या ग्रेड ३ ला देतो. त्यामागे ट्रायल नाही, माझा अंदाज आहे.

---

रात्रपाळी_आयसीयू

आमचे वरिष्ठ उलट म्हणतात. उशीर असला तरी द्या, विष जागेवरून हळूहळू सुटत असतं. मी देतो, पण फरक पडल्यासारखं मला तरी कधी ठामपणे वाटलं नाही.

---

घाटाखालचा_एमओ

हे दोन्ही मी 'अनिर्णित' या मथळ्याखाली ठेवतो. कॅटचा प्रश्न ग्रेड २ चा आहे, तो ताणून ग्रेड ४ वर नेणार नाही.

बदललेला निष्कर्ष असा करतोय, बघा पटतो का : 'लाल विंचवाच्या ग्रेड २ दंशात साधं प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम दर किलोला, पोहोचताक्षणी. अँटीव्हेनमसाठी प्राझोसिन थांबवू नये. अँटीव्हेनम असेल तर लगेच जोडावं, रिअ‍ॅक्शन आलीच तर म्हणून अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवून. बरं होण्याचा वेळ साधारण निम्म्यावर येतो. पुरावा मध्यम : रँडमाइज्ड, पण लहान आणि ओपन लेबल. मृत्यूवर परिणाम माहीत नाही. उशिरा आलेले आणि ग्रेड ३-४ : पुरावा अपुरा.'

---

आकडेमोडे

'साधारण निम्म्यावर' चालेल, ८ आणि १७.७ ला ते धरून आहे. 'मध्यम' म्हणणं जरा उदार आहे. मी 'कमी ते मध्यम' लिहिलं असतं.

---

बालरोग_पुणे

मी 'मध्यम'च ठेवीन. जिपमेर आणि रत्नागिरी दोन्ही त्याच दिशेला आहेत, आणि तीन वेगळ्या ठिकाणचे डॉक्टर आहेत.

---

सिस्टर_उपकेंद्र

ते तुमचं चालू द्या. मेडिकलवाले दादा, साध्या एक मिलिग्रॅमच्या चार पट्ट्या मला मागवून ठेवाल का? पुढच्या आठवड्यात भावाला पाठवते. आणि सर, वजनाप्रमाणे गोळीचा किती भाग ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. रात्री बारा वाजता लाइट नसताना गुणाकार नको.

---

घाटाखालचा_एमओ

१० किलो : पाव गोळीहून किंचित जास्त, पाव द्या. १६ किलो : अर्धी. २४ किलो : पाऊण. ३२ किलोच्या पुढे : एक. मोठ्या माणसालाही पहिल्यांदा एकाहून जास्त नको. उद्या छापून पाठवतो.

---

बालरोग_पुणे

त्याच कागदावर खाली आणखी एक ओळ घाला : गोळी दिल्याची वेळ मुलाच्या केसपेपरवर. पुढच्या दवाखान्यात तीच पहिली विचारतात आणि तीच कोणाला आठवत नाही.